बाहेरच्या तज्ज्ञाला सल्ल्यासाठी बोलावताना: पत्रात काय लिहायचं आणि काय मुद्दाम लिहायचं नाही

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ पट्ट्यातल्या एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीने बाहेरचा तज्ज्ञ बोलावायचं ठरवलं, की पत्र साधारण असं जातं:

"मा. महोदय, सविनय निवेदन की, आमच्या कंपनीतर्फे बेदाणा गुणवत्ता या विषयावर बैठक आयोजित केली असून सदर बैठकीस आपण आपल्या व्यस्त कार्यक्रमातून वेळ काढून उपस्थित राहावे व बहुमोल मार्गदर्शन करावे, ही नम्र विनंती. आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे."

भाषेत खोट काढण्यासारखं काही नाही. पण ही लग्नपत्रिका झाली. कुठे, कधी, कुणाकडे एवढं कळलं, का बोलावलं ते कळलं नाही. मग साहेब येतात, शाल-श्रीफळ होतं, चेअरमनांचं प्रास्ताविक लांबतं, चाळीस मिनिटांचं भाषण होतं आणि जेवणाची वेळ होते. ज्या प्रश्नासाठी माणूस पुण्याहून आणला तो प्रश्न जाताना गाडीच्या दाराशी उभं राहून विचारला जातो. दोष साहेबांचा नाही. भाषणाला बोलावलं होतं, भाषण केलं.

सल्ल्यासाठीचं निमंत्रण वेगळं असतं. ते वाचून समोरच्याला तीन गोष्टी कळायला हव्यात: मला नेमकं काय विचारणार आहेत, मी काय बाहेर बोलायचं नाही, आणि माझा एकूण किती वेळ जाणार. या तिन्हींतल्या पहिल्या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. प्रश्न जितका उघडून सांगाल तितकं गुपित पत्रातच फुटतं. गुपित जितकं झाकाल तितका प्रश्न धूसर होतो. हे पत्र लिहिण्यातली खरी कसरत ही आहे, म्हणून सगळा लेख एकाच उदाहरणावर बेततो.

उदाहरणातली कंपनी

तासगाव तालुक्यातली एक बेदाणा कंपनी धरा. सभासद द्राक्षबागायतदार, शेड त्यांचीच, इकडे-तिकडे विखुरलेली. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. घड डिपिंग ऑइलच्या द्रावणात, म्हणजे पोटॅशियम कार्बोनेट आणि इथाइल ओलिएट कालवलेल्या पाण्यात बुडवून काढायचे, शेडमधल्या रॅकच्या जाळीवर सावलीत पसरायचे आणि वाऱ्यावर वाळू द्यायचे. पुढे रंग पिवळाधमक राहावा म्हणून बंद जागेत गंधकाची धुरी दिली जाते. आपल्या उदाहरणातली अडचण या धुरीची आहे. प्रत्येक शेडवाला आपल्या अंदाजाने गंधक जाळतो आणि आपल्या अंदाजाने जागा उघडतो. त्यामुळे सल्फर डायऑक्साइडचं प्रमाण लॉटनिहाय बदलतं. एका मोठ्या खरेदीदाराने आपल्याकडच्या प्रयोगशाळेचा अहवाल पाठवला आहे. त्यात काही लॉट ठरलेल्या मर्यादेच्या वर आहेत. पुढच्या हंगामाआधी धुरीची लेखी कार्यपद्धती दाखवा, नाहीतर सौदा नाही, असं त्याने कळवलंय.

संचालक मंडळाला फळप्रक्रियेतला एक शास्त्रज्ञ बोलवायचा आहे, सरकारी संशोधन संस्थेत नोकरीला असलेला.

यात गुपित काय? खरेदीदाराचं नाव, दर, अहवालातले आकडे आणि कुठल्या शेडचा लॉट फसला ते. यातलं चौथं सगळ्यांत नाजूक. तासगावच्या सौद्यात "अमक्याचा माल परत आला म्हणे" एवढी कुजबुज पुरते. त्या सभासदाच्या बॉक्सला दोन वर्षं कोणी हात लावणार नाही, मग माल कितीही सुधारलेला असो.

पत्रात गुपित घालायचंच नाही

बहुतेकांचा समज असा की पत्राच्या डोक्यावर 'गोपनीय' असं ठळक लिहिलं की काम झालं. तसं होत नाही. पत्र पोचतं तेव्हा समोरच्याने तुम्हाला काहीही कबूल केलेलं नसतं. तो उद्या नाही म्हणू शकतो, आणि नाही म्हणणाऱ्या माणसावर तुमच्या गोपनीयतेचं कसलंही बंधन धरता येत नाही. शिवाय सरकारी संस्थेत पत्र आवक विभागातून फिरतं, नोंद होते, परवानगीच्या फाईलला लागतं. चार-पाच हातांतून गेल्याशिवाय ते शास्त्रज्ञाच्या टेबलावर येत नाही.

म्हणून क्रम असा ठेवायचा. आधी फोन, फक्त "असा एक विषय आहे, पत्र पाठवू का" एवढाच. मग निमंत्रण, ज्यात गुपित काहीच नाही. मग त्यांचा होकार आणि सही केलेलं गोपनीयतेचं हमीपत्र. ते हातात आल्यावरच अहवाल आणि शेडच्या नोंदी. चार पायऱ्या कागदावर लांबलचक वाटतात, पण यात वेळ जातो तो फक्त परवानगीला, आणि तो कसाही जाणारच असतो.

मग निमंत्रणात प्रश्न लिहायचा कसा? घटना लिहू नका, प्रश्न लिहा. "आमचे काही लॉट नापास झाले आहेत" ही घटना. "सर्व शेडमध्ये गंधकाची धुरी एकसारखी राहावी यासाठी गंधकाचं प्रमाण, वेळ आणि नमुना घेण्याचा टप्पा काय ठेवावा" हा प्रश्न. दुसरं वाक्य गावभर वाचलं गेलं तरी कुणाचं नुकसान नाही, उलट कंपनी सुधारणा करतेय असंच वाटेल. शास्त्रज्ञाला मात्र त्यातून हवं ते सगळं मिळतं: विषय आपला आहे की नाही, तयारी काय करायची, सोबत कुठला संदर्भ न्यायचा.

एक गोष्ट मात्र झाकायची नाही. खरेदीदाराशी वाद लवादात किंवा कोर्टात गेला असेल, किंवा जाण्याची शक्यता असेल, तर ते पत्रात सांगायलाच हवं. नाव नको, पण "या विषयाशी संबंधित कायदेशीर वाद चालू आहे" एवढं वाक्य हवं. आज दिलेलं मत उद्या साक्षीत विचारलं जाऊ शकतं, आणि सरकारी नोकरीतल्या माणसाला त्यासाठी वेगळा विचार करावा लागतो. हे लपवून बोलावलेला तज्ज्ञ पुन्हा तुमच्या वाऱ्याला उभा राहणार नाही.

हेतू म्हणजे निर्णय

'गुणवत्ता सुधारणे' हा हेतू नव्हे, ती इच्छा आहे. हेतूच्या परिच्छेदात बैठकीनंतर कोण काय ठरवणार आहे ते यायला हवं. आपल्या उदाहरणात ते सरळ आहे: जानेवारीतल्या सभेत संचालक मंडळ धुरीची लेखी कार्यपद्धती मंजूर करणार, आणि हंगामात ती सर्व शेडवर लागू होणार. तज्ज्ञाचं मत हा त्या निर्णयातला एक आधार, निर्णय मंडळाचा. हे लिहिल्याने तज्ज्ञाच्या डोक्यावरचं ओझं उतरतं आणि मंडळालाही "साहेबांनी सांगितलं म्हणून केलं" असं म्हणता येत नाही.

इथे आपल्या भागातली एक खास अडचण सांगायला हवी. बाहेरचा माणूस संस्थेत सल्ल्याला येतोय म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "तज्ज्ञ संचालक म्हणून घेताय काय?" उत्पादक कंपन्यांच्या कायद्यात तशी सोय आहे. मंडळ आपल्या एकूण संख्येच्या एक-पंचमांशापर्यंत तज्ज्ञ संचालक स्वीकृत करू शकतं. पण ती गोष्ट निराळी. त्यात पद येतं, जबाबदारी येते, आणि आपल्याकडे गटबाजीचा वासही येतो. म्हणून पत्रात स्वच्छ लिहा की हे निमंत्रण एका बैठकीपुरतं आहे, त्यातून कुठलंही पद किंवा मताधिकार मिळत नाही. शास्त्रज्ञाला परवानगी देणारे वरिष्ठही हेच वाक्य शोधत असतात.

गोपनीयता किती, कशाची, कधीपर्यंत

'बैठकीतील सर्व चर्चा गोपनीय राहील' हे वाक्य दणकट वाटतं आणि प्रत्यक्षात काही उपयोगाचं नसतं. सगळंच गोपनीय म्हटलं तर शास्त्रज्ञाने उद्या वर्गात गंधकाच्या धुरीवर बोलायचं की नाही? ते तर त्याला आधीपासून माहीत आहे. असं वाक्य वाचून जाणता माणूस एकतर सही करत नाही, किंवा मनावर न घेता करतो. दुसरं जास्त वाईट.

त्यापेक्षा नेमकं लिहावं. खरेदीदाराची ओळख, दर आणि कराराच्या अटी, प्रयोगशाळेचे अहवाल, सभासदांची आणि शेडची नावं, त्यांच्या धुरीच्या नोंदी. एवढं बाहेर जाणार नाही. जे आधीच छापलेलं आहे, तज्ज्ञाला आधीपासून माहीत आहे किंवा त्याला दुसरीकडून रीतसर कळलं आहे, ते यात नाही. मुदतही लिहा. दराचं गुपित एक-दोन हंगामांत शिळं होतं, सभासदांच्या नावाचं होत नाही. म्हणून व्यापारी माहितीला दोन वर्षं आणि नावांना कायम, अशी दोन भागांत मुदत ठेवलेली बरी. कागदांचं पुढे काय करायचं तेही सांगा: छापील प्रती बैठकीतच परत घ्यायच्या, ईमेलवरच्या पुसून टाकल्याचं एका ओळीत कळवायचं.

सरकारी संस्थेतल्या तज्ज्ञाबाबत आणखी एक खाच आहे. कार्यालयीन ईमेलवर पाठवलेले कागद माहिती अधिकाराच्या अर्जाच्या कक्षेत येऊ शकतात. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ८(१)(घ) मध्ये व्यापारी गुपितांना सूट आहे, पण ती आपोआप सगळं झाकत नाही. व्यापक जनहित दिसलं तर माहिती द्यावी लागते. त्यामुळे अहवालाच्या प्रत्येक पानावर तो व्यापारी गोपनीय असल्याची नोंद करा, आणि शेडची नावं काढून 'शेड अ', 'शेड ब' असं लिहा. कुठली शेड कुणाची ही यादी कंपनीच्या कपाटात राहू द्या. शास्त्रज्ञाला धुरीची पद्धत समजून घ्यायची असते, त्यासाठी सभासदाचं नाव लागत नाही. हे एकच काम नीट केलं तर हमीपत्रातल्या निम्म्या कलमांची गरज उरत नाही.

आता गोपनीयतेची हद्द. काही संचालकांना वाटतं की हमीपत्रात "कोणत्याही शासकीय यंत्रणेस कळवणार नाही" असं घालावं. घालू नका. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ च्या कलम २८ प्रमाणे, आपण विकलेला माल कायद्यात बसत नाही असं अन्न व्यावसायिकाला वाटत असेल तर तो बाजारातून परत घेणं आणि संबंधित अधिकाऱ्यांना कळवणं त्याचंच कर्तव्य आहे. खरेदीदाराने ठरवलेली मर्यादा आणि कायद्याची मर्यादा एकच असेल असं नाही. एखादा लॉट खरेदीदाराच्या अटीत नापास आणि कायद्यात पास असू शकतो, आणि गुपित ठेवायला हरकत नाही ती या फरकाला. पण माल कायद्याच्याच मर्यादेबाहेर असेल तर हमीपत्र त्यावर पांघरूण घालू शकत नाही. शिवाय असं कलम वाचताच सरकारी शास्त्रज्ञ हात आखडता घेईल, आणि ते बरोबरच आहे. म्हणून हमीपत्रात एक वाक्य असू द्या: कायद्याने माहिती देणं बंधनकारक असेल तिथे ही अट लागू नाही.

आणि गोपनीयता एका बाजूची ठेवू नका. आपल्याकडे बैठक संपायच्या आत फोटो व्हॉट्सअॅपवर गेलेला असतो. दुसऱ्या दिवशी जिल्हा पानावर बातमी, "अमुक शास्त्रज्ञांनी केले कंपनीच्या बेदाण्याचे कौतुक". तिसऱ्या दिवशी बॉक्सवर छापायचा मजकूर तयार. ज्याने फक्त धुरीच्या वेळेवर मत दिलं त्याचं नाव माल विकायला वापरलं जातं, आणि त्याला वरिष्ठांसमोर खुलासा द्यावा लागतो. कंपनीनेही लिहून द्यावं: लेखी संमतीशिवाय नाव, फोटो आणि मत कुठेही वापरणार नाही. माझ्या पाहण्यात तज्ज्ञांना सगळ्यांत जास्त विश्वास या ओळीने येतो, मानधनाने नाही.

वेळेचा पूर्ण हिशेब

'बैठक सकाळी ११ ते २' एवढं लिहिलं की तीन तास मागितले असं कंपनीला वाटतं. तज्ज्ञाचा हिशेब निराळा. पुण्याहून तासगाव रस्त्याने साधारण पाच तास धरा, सातारा-कराड पट्ट्यात काम चालू असलं तर जास्त. जाऊन-येऊन दहा तास. त्याआधी अहवाल आणि नोंदी वाचायला दोन तास. शेड बघायला एक तास. बैठक तीन तास. नंतर इतिवृत्तातलं आपलं मत तपासून द्यायला अर्धा-पाऊण तास. म्हणजे सुमारे सतरा तासांची मागणी आहे आणि पत्रात तीन लिहिलेत. वाचन आणि इतिवृत्त सोडलं तरी एकट्या त्या दिवशी चौदा तास भरतात.

खरा आकडा लिहिला तर तज्ज्ञ नाही म्हणेल ही भीती असते. खरं तर आकडा दिसला की दोघेही तडजोड करू शकतात. आदल्या संध्याकाळी येऊन सांगलीत मुक्काम, असा पर्याय देता येतो. किंवा दोन तासांची व्हिडिओ बैठक. मी पहिला पर्याय निवडेन, कारण धुरीची जागा कशी बंद होते, फटी कुठे आहेत, गंधक कशात जाळतात हे कॅमेऱ्यावर कळत नाही. डिसेंबरात शेड रिकाम्या असतात, पण हे सगळं रिकाम्या शेडमध्येच नीट बघता येतं. हंगामात तिथे उभं राहायला जागा नसते आणि शेडवाल्याला बोलायला सवड नसते.

वेळेत शेवट कुठे आहे तेही यायला हवं. एकदा साहेब आले की पुढे वर्षभर रात्री साडेनऊला फोन करायचा आपल्याला हक्क मिळतो, असा आपला गोड गैरसमज असतो. इतिवृत्तानंतर एक फोन, तोही १५ जानेवारीपर्यंत, असं लिहिलं की दोघांनाही सोपं जातं.

मानधन याच परिच्छेदात यावं, कारण ते वेळेचं आहे, मताचं नाही. मत काहीही असो, मानधन तेच. आयकराची कपात लागू असेल तर होईल हे आधीच लिहावं. नोकरीतल्या माणसाला बाहेरून मानधन घ्यायला संस्थेची परवानगी लागते, काही ठिकाणी त्यातला हिस्सा संस्थेकडे जातो. त्यामुळे पाकीट हातात ठेवण्याची पद्धत इथे चालत नाही. आपुलकीने दिलेलं पाकीटही त्याला अडचणीत आणू शकतं.

पत्र असं होईल

दिनांक: २६ ऑक्टोबर २०२६

प्रति, डॉ. …
मार्फत: मा. संचालक, … संशोधन संस्था

विषय: गंधक धुरीच्या कार्यपद्धतीबाबत एका सल्लागार बैठकीचे निमंत्रण

महोदय,

आपल्याशी दूरध्वनीवर झालेल्या बोलण्यानुसार हे पत्र पाठवत आहोत. आमची कंपनी सभासदांच्या शेडमध्ये बेदाणा तयार करते. सर्व शेडमध्ये गंधकाची धुरी एकसारखी राहावी, यासाठी आम्ही लेखी कार्यपद्धती तयार करत आहोत. तीन प्रश्नांवर आपले मत हवे आहे: दर किलो बेदाण्यास गंधकाचे प्रमाण किती ठेवावे, धुरीचा कालावधी आणि जागा बंद करण्याची पद्धत काय असावी, तपासणीचा नमुना कोणत्या टप्प्यावर घ्यावा. कार्यपद्धतीस मंजुरी देण्याचा निर्णय आमचे संचालक मंडळ जानेवारी २०२७ च्या सभेत घेईल. आपले मत सल्ल्याच्या स्वरूपाचे राहील. हे निमंत्रण या एका बैठकीपुरते असून त्यातून कोणतेही पद वा मताधिकार निर्माण होत नाही. या विषयात कोणताही कायदेशीर वाद चालू नाही.

बैठक शनिवार, १२ डिसेंबर २०२६ रोजी सकाळी ११ ते दुपारी २ या वेळेत कंपनीच्या तासगाव येथील कार्यालयात होईल. त्याआधी ९.३० ते १०.३० शेडची पाहणी. उपस्थित: चार संचालक, दोन शेडचालक आणि व्यवस्थापक. आपले भाषण वा सादरीकरण अपेक्षित नाही. प्रवास सोडून आपला एकूण वेळ सुमारे सात तास लागेल: कागद वाचण्यास दोन, पाहणी व बैठक चार, इतिवृत्तातील आपले मत तपासण्यास एक तासाच्या आत. त्यानंतर १५ जानेवारी २०२७ पर्यंत फार तर एक दूरध्वनी करू. प्रवासासाठी वाहन आणि ११ डिसेंबरचा सांगली येथील मुक्काम कंपनी करेल. मानधन रु. ८,०००, नियमाप्रमाणे कर वजा करून, आपल्या संस्थेच्या नियमांनुसार अदा केले जाईल. ते आपल्या मतावर अवलंबून नाही.

या पत्रात गोपनीय काहीही नाही. बैठकीचे काही कागद व्यापारी स्वरूपाचे आहेत. सोबतच्या हमीपत्रावर आपली सही आल्यानंतर ते २३ नोव्हेंबर रोजी पाठवू. कोणती माहिती, किती काळ आणि कोणत्या अपवादांसह गोपनीय राहील, ते हमीपत्रात दिले आहे. आपले नाव, छायाचित्र अथवा मत आपल्या लेखी संमतीशिवाय आम्ही कोठेही वापरणार नाही.

डिपिंग ऑइल, गंधक किंवा शेडच्या साहित्याचे उत्पादक व विक्रेते अथवा अन्य बेदाणा कंपन्या यांच्याशी आपले व्यावसायिक संबंध असल्यास सोबतच्या नमुन्यात कळवावे. असे संबंध असणे ही अडचण नाही, त्यांची माहिती आम्हाला आधी असावी एवढेच.

आपला होकार वा नकार ६ नोव्हेंबरपर्यंत कळवल्यास आभारी राहू. संस्थेच्या परवानगीस अधिक वेळ लागणार असल्यास तसे कळवावे.

आपला, …
व्यवस्थापक

पत्र गेल्यावर

पत्र नीट लागलं की नाही हे उत्तरावरून कळतं. "नक्की येतो, विषय काय आहे?" असा निरोप आला तर पत्र वाचलेलं नाही, किंवा पहिला परिच्छेद जमलेला नाही. फोन करून तिन्ही प्रश्न वाचून दाखवा. "प्रोजेक्टर आहे का?" असं विचारलं तर भाषण तयार होतंय असं समजा आणि वेळीच थांबवा. उलट "धुरीची खोली किती घनफूट आहे?" असा प्रश्न आला तर बैठक अर्धी झाली.

संबंधांच्या नमुन्याबद्दल आणखी थोडं. द्राक्ष-बेदाण्याचं आपलं जग छोटं आहे. जाणता माणूस एखाद्या औषध कंपनीला, एखाद्या निर्यातदाराला काहीतरी सांगत असतोच. कुणाशीच संबंध नसलेला तज्ज्ञ शोधायला निघालात तर फारसा कुणी सापडणार नाही. बघायचं एवढंच की त्याच्या सल्ल्याने त्याच्याच ओळखीच्या दुकानाचं सामान विकलं जाणार आहे का. तसं असेल तर प्रमाण आणि वेळ त्याला विचारा, उपकरणाची निवड दुसऱ्याला. मात्र ज्याची प्रयोगशाळा तुमचाच माल तपासते त्याला बोलावू नये. त्याने सांगितल्याप्रमाणे धुरी दिलेला माल त्याच्याच टेबलावर पास झाला, तर त्या अहवालावर खरेदीदार विश्वास ठेवणार नाही.

२३ नोव्हेंबर उजाडला आणि हमीपत्र आलं नसेल तर कागद पाठवू नका. "सही करून आणतोच, तुम्ही पाठवा" या बोलण्यावर सगळ्यांत जास्त गुपितं फुटतात, आणि त्यात कुणाचा वाईट हेतूही नसतो. कागद बैठकीच्या दिवशी तासगावातच, सही झाल्यावर दाखवले तरी चालतं. वाचनाचे दोन तास मग त्या दिवशी सकाळी धरावे लागतील, म्हणून पाहणीची वेळ बदला.

नकार आला तर तोही जपून ठेवा. चांगला तज्ज्ञ नकारासोबत बहुधा दुसरं नाव सुचवतो, कारण प्रश्न नेमका असल्यामुळे तो कुणाच्या हातचा आहे हे त्याला कळलेलं असतं. पत्रात गुपित नसल्याने तेच पत्र, नाव आणि तारखा बदलून, दुसऱ्याच दिवशी त्या माणसाला जाऊ शकतं.